शेवटच्या पायरीला पाय अडतो, वर डोकं आपटतं: घरातल्या जिन्याची तक्रार कशी शोधायची आणि कशी मिटवायची

मी सांगली-मिरज भागात स्वतंत्र घरं आणि रो-हाउस बांधायची कामं घेतो. रंग, गळती, फरशीच्या तक्रारी दर वर्षी नव्या असतात. जिन्याची मात्र एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि ती ऐकतानाच मला कारणाचा अंदाज आलेला असतो. घर राहायला घेऊन दोन-तीन महिने झालेले असतात, आणि घरातल्या आजी म्हणतात, "वर पोचताना माझा पाय अडतोच. पहिल्या दिवसापासनं." घरातल्यांना वाटतं, वय झालं, चष्मा बदलायला हवा. मी म्हणतो, आधी टेप आणा.

लक्षणं नीट ऐका

जिना "अवघड आहे" असं सगळेच म्हणतात, पण त्या एका शब्दात तीन-चार वेगळे दोष असतात. दोष कोणता, ते तक्रार कुठे आणि केव्हा जाणवते यावरून कळतं.

घरातली वेगवेगळी माणसं, तरुण आणि पाहुणेसुद्धा, एकाच पायरीला ठेचकाळत असतील, तर त्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. बहुतेक वेळा ती अगदी पहिली किंवा अगदी शेवटची असते. एका मजल्यातच धाप लागत असेल आणि गुडघे भरून येत असतील, तर सगळ्याच पायऱ्या उंच आहेत. चढताना काही वाटत नाही पण उतरताना पाय आडवा टाकावा लागतो, टाच मागच्या पायरीला घासते, तर पायरीची रुंदी कमी पडते आहे. आणि जिन्यात एका ठराविक जागी माणूस नकळत मान खाली घालत असेल, किंवा गादी, कपाट वर नेताना ते नेमकं तिथेच अडकत असेल, तर डोक्यावरची मोकळी उंची कमी आहे.

पहिलं लक्षण सर्वांत जास्त दिसतं, सर्वांत धोक्याचं आहे, आणि दुरुस्त होण्यासारखंही तेच आहे. म्हणून या लेखाचा बराच भाग त्यावर आहे.

पैसे न लागणारी तपासणी

आधी जिन्यावरच्या वस्तू काढा. पहिल्या पायरीच्या पायथ्याशी जाड पायपुसणं असतं आणि ते पहिल्या पायरीची उंची जवळपास दोन सेंटीमीटरने कमी करतं. पायऱ्यांच्या कडेला चपला, कुंड्या, पाण्याचे जार ठेवलेले असतात. शेवटची पायरी आणि वरची फरशी एकाच काळ्या ग्रॅनाइटची असेल आणि दिवा पाठीमागे असेल, तर पायरीची कडच दिसत नाही. मी दोन घरांत फक्त दिवा हलवायला सांगितला आणि तक्रार थांबली. सुरुवात इथून केली तर टेप उचलायचीही वेळ येत नाही.

मग अर्धा तास जिन्याच्या खाली खुर्ची टाकून बसा आणि माणसं कशी चढतात-उतरतात ते बघा. कुणाला काही सांगू नका, नाहीतर सगळे जपून चालतात. चढणारा माणूस पहिल्या दोन पायऱ्यांतच उंची पायात साठवतो. पुढे तो पायरीकडे बघत नाही, पाय आपोआप तेवढाच उचलला जातो आणि कडेच्या जेमतेम वरून जातो. म्हणून पंधरा-सोळा पायऱ्या सारख्या लागल्यावर एखादी अचानक इंचभर उंच आली की चपलेचं टोक अडकतं. उतरताना तीच पायरी उलटी फसवते: पाय जिथे टेकायला हवा तिथे जमीन नसते, आणि माणूस पुढे जातो. पडण्याचे मोठे प्रकार उतरतानाच होतात.

जुन्या वाड्यांतले लाकडी जिने मी चढलो आहे. शिडीसारखे उभे असतात, पण सुताराने एका मापात कापलेल्या त्या पायऱ्या सारख्या असतात, आणि माणूस त्यांना सरावतो. सारख्या नसलेल्या पायऱ्यांना तो सरावू शकत नाही.

टेप आणि पाणसळ

आता मोजायचं. इथे एक चूक जवळपास सगळेच करतात: टेप पायरीच्या उभ्या दगडाला चिकटवून मोजतात. पायरीला थोडा ढाळ असतो, कड पुढे आलेली असते, त्यामुळे ते माप फसवं निघतं. पायाला जाणवते ती एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंतची उंची. म्हणून दोन फुटी पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, वरच्या पायरीवर ठेवून पुढे बाहेर काढा, बुडबुडा मधोमध आणा, आणि तिच्या खालच्या अंगापासून खालच्या पायरीच्या कडेपर्यंत सरळ खाली मोजा. प्रत्येक पायरीला दोन मापं घ्या, एक भिंतीकडे आणि एक कठड्याकडे.

टेपची मिलिमीटरची बाजू वापरा. गवंड्याची भाषा इंच आणि सुताची असते, आठ सूत म्हणजे एक इंच, आणि "दोन सूत इकडं-तिकडं चालतंय साहेब" हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. दोन सूत खरंच चालतात. अमेरिकेत घरांसाठी जी बांधकाम नियमावली वापरतात, तिच्यात एका जिन्यातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या पायरीत जास्तीत जास्त ३/८ इंच फरक चालतो. ते आपले तीन सूत, साधारण साडेनऊ मिलिमीटर. मी तीच मर्यादा धरतो, कारण माझ्या अनुभवात तक्रारी त्याच्या पुढेच सुरू होतात.

मापं कागदावर खालपासून वरपर्यंत क्रमाने लिहा. त्या रांगेवर नजर टाकली की बऱ्याचदा निदान होऊन जातं. मधल्या सगळ्या पायऱ्या सारख्या आणि फक्त पहिली बुटकी, शेवटची उंच असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. सगळ्याच सारख्या पण १९० मिमीच्या वर असतील, तर जिना मुळातच कमी जागेत कोंबलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी इमारतीसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि रुंदी, पुढे आलेली कड न धरता, कमीत कमी २५० मिमी सांगितली आहे. ही शेवटची हद्द आहे, सोयीचं माप नव्हे. घरात म्हातारी माणसं असतील तर मी उंची १६० ते १७० आणि रुंदी २७० ते २८० च्या आसपास ठेवतो.

दोन्ही मापं एकमेकांशी जुळतात का, ते पाहायला जुना हिशोब आहे: उंचीची दुप्पट अधिक रुंदी, उत्तर ६०० ते ६४० मिमीमध्ये यावं. माणसाच्या एका पावलाची ती लांबी आहे, आणि सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँडेल या वास्तुविशारदाने हा नियम मांडला. उंची १७० आणि रुंदी २७० धरली तर ६१० येतात, छान. उंची १९० आणि रुंदी २५० चे ६३० येतात, हिशोबात बसतात, पण जिना उभा लागतो. म्हणून फक्त बेरीज जुळवून थांबू नका, आधी उंची ठरवा.

पहिली बुटकी, शेवटची उंच: हे होतं कसं

मिरजेजवळच्या एका घरातला हिशोब देतो. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३०५० मिमी, म्हणजे आपले नेहमीचे दहा फूट. मध्ये लँडिंग, खाली नऊ चढ आणि वर नऊ चढ, एकूण अठरा. प्रत्येक भागात पायऱ्या मात्र आठच, कारण नववा चढ थेट लँडिंगवर किंवा वरच्या फरशीवर नेतो. ३०५० भागिले १८ म्हणजे १६९ मिमीच्या जरा वर. नकाशा उत्तम होता. सेंटरिंगवाल्याने फळ्याही इमानदारीने १६९ च्या ठोकल्या. काँक्रीटचा कच्चा जिना एकसारखा झाला, आणि तिथेच चूक झाली.

कारण फरशीची जाडी सगळीकडे सारखी नसते. खोल्यांत वाळू-सिमेंटचा थर आणि टाइल मिळून ७५ मिमी चढले. पायरीवर मात्र जेमतेम मसाला आणि ग्रॅनाइट, मिळून ४० मिमी. म्हणजे खालची जमीन ७५ ने वर आली आणि पहिली पायरी ४० नेच वर आली, तेव्हा पहिल्या चढाची उंची ३५ ने घटून १३४ राहिली. वर उलटं झालं: शेवटची पायरी ४० ने चढली आणि वरचा मजला ७५ ने, म्हणून शेवटचा चढ १६९ चा २०४ झाला. मधले सोळा अगदी १६८ ते १७१. सोळा पायऱ्या सारख्या चढलेल्या पायाला सतराव्यानंतर दीड इंच जास्त चढायचं होतं, आणि आजींचा पाय तिथेच अडत होता.

हे टाळायचं तर कच्चा जिना मुद्दाम असमान ओतावा लागतो. याच घरात पहिला कच्चा चढ २०४ चा आणि शेवटचा १३४ चा ठेवला असता, तर फरशी झाल्यावर सगळे १६९ आले असते. घरमालक साइटवर येऊन "पहिली पायरी एवढी उंच कशी?" म्हणून ओरडतात, ती तयारी ठेवावी लागते. सेंटरिंग लावण्याआधी पाण्याच्या नळीने दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी भिंतीवर रंगाने आखून घ्या. त्या दोन रेघांमध्ये एक लांब पट्टी उभी धरून तिच्यावर अठरा समान खुणा करा, आणि प्रत्येक खुणेच्या खाली पायरीच्या फरशीची जाडी सोडून फळी ठोका. कच्च्या स्लॅबपासून मोजायला बसलात की चूक ठरलेली आहे.

दगड अजून बसवला नसेल तर दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक पायरीवरचा आणि लँडिंगवरचा एकूण थर ४० ऐवजी ७५ करायचा, बस. सगळ्या पायऱ्या मिळून ३५ ने वर सरकतात आणि पहिला-शेवटचा चढ आपोआप बाकीच्यांइतका होतो. खर्च फक्त जास्तीच्या मसाल्याचा. मात्र लँडिंगवर खिडकी असेल तर तिच्या तळाची उंची ३५ ने कमी होते, कठडाही तितकाच बुटका होतो, आणि डोक्यावरची उंचीही घटते. हे आधी मोजा.

दगड बसून गेल्यावर

आमच्या त्या घरात दगड बसलेला होता, कठड्याचे खांब लँडिंगमध्ये पक्के केलेले होते आणि खिडकीचं ग्रिलही लागलं होतं. लँडिंग हलवायचं नव्हतं. तेव्हा लँडिंग जागेवर ठेवून खालचा भाग आणि वरचा भाग वेगवेगळे वाटून घेतले.

खालच्या नऊ चढांची एकूण उंची, १३४ अधिक आठ वेळा १६९, साधारण १४९० मिमी. त्याचे नऊ समान भाग १६५.५ चे. वरच्या नऊंची एकूण उंची साधारण १५६०, त्याचे नऊ भाग १७३ च्या जरा वर. म्हणजे लँडिंगपर्यंत सगळे १६५ चे आणि लँडिंगनंतर सगळे १७३ चे. दोन भागांत आठ मिलिमीटरचा फरक राहिला. तो तीन सुतांच्या आतला आहे, आणि मध्ये लँडिंगवर दोन पावलं सपाट चालल्यामुळे पाय नव्याने सुरुवात करतो.

प्रत्यक्षात पहिली पायरी ३१ मिमी वर घ्यायची, दुसरी २७, आणि असं चार-चारने कमी करत आठवी फक्त ४. लँडिंग तसंच. वरच्या भागात उलट, लँडिंगनंतरची पहिली ४ मिमी आणि शेवटची ३१. सोळाही पायऱ्यांचे दगड काढून नव्या थरावर बसवले. ग्रॅनाइट काढताना काही तुटतोच, म्हणून आधी तोच रंग दुकानात आहे का ते विचारून घ्या. उभे तुकडे सगळे नव्याने मापून कापावे लागले. घरमालकांनी विचारलं, "फक्त शेवटच्या दोन-तीन पायऱ्या उचलल्या तर?" उचलता येतात, पण मग ३५ मिलिमीटर तीन-चार चढांत वाटले जातात, प्रत्येकी नऊ ते बारा मिमी. ते मर्यादेच्या काठावर किंवा बाहेर जातं, शिवाय फरक सलग भागाच्या मध्येच येतो. एकदा मजूर लावलेच आहेत, तर पूर्ण भाग करा.

जुन्या दगडावरच नवा दगड चिकटवायचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. त्याने जिन्यावरचं वजन वाढतं. ३५ मिमीचा दगड-मसाला म्हणजे दर चौरस मीटरला ऐंशी किलोच्या आसपास. स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय मी तो करत नाही.

लगेच दुरुस्ती जमत नसेल तर चुकीच्या पायरीच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावा आणि तिथे हाताला आधार द्या. डोळ्याला इशारा मिळतो. पण अंधारात आणि घाईत माणूस पुन्हा पायाच्या सवयीवरच चालतो, तेव्हा पट्टी काही महिन्यांपुरतीच समजा.

एक पायरी जास्त घुसवली तर

मोजलेल्या रांगेत एखादी मधलीच पायरी बुटकी निघाली, किंवा शेवटच्या तीन पायऱ्या बाकीच्यांपेक्षा दोनेक इंचांनी कमी असल्या, तर मी घरमालकांना हळूच विचारतो, "मोजणी कुणी केली होती?" आपल्याकडे पायऱ्या विषम असाव्यात असं बरेच जण मानतात. कुणी "इंद्र, यम, राजा" असं म्हणत मोजतात आणि शेवटची यमावर यायला नको असते. ओतकामाच्या आदल्या दिवशी कुणीतरी मोजतं, एक कमी पडते, आणि मिस्त्री वरच्या दोन पायऱ्यांच्या तीन करून देतो.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. संख्या हवी ती ठेवा, पण नकाशा काढतानाच ठेवा, म्हणजे एकूण उंचीला त्या संख्येने भागता येतं. ३०५० ला १७ ने भागलं तर १७९, १९ ने भागलं तर १६० च्या आसपास. दोन्ही चालण्यासारखे आहेत. एकोणीस घेतले तर एका पायरीची रुंदी जास्त लागेल, एवढी जागा आधी बघा. आणि लँडिंग मोजायचं की नाही यावरून घरात वाद होतात, तोही तेव्हाच मिटवा.

रुंदी कमी असेल तर

रुंदी मोजायची ती एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत आडवी. दगड मागे भिंतीपर्यंत किती गेला आहे, ते मोजून उपयोग नाही. दगडाची कड २० ते २५ मिमी पुढे काढतात, गोल करतात. त्याने चढताना पायाच्या बोटांना आत जागा मिळते. पण सगळ्याच कडा सारख्या पुढे आल्या की कडेपासून कडेपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, आणि उतरताना टाचेला एक मिलिमीटरही जास्त मिळत नाही. म्हणून "कड अजून इंचभर पुढे काढून देतो" असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका. उलट जास्त पुढे आलेल्या कडेत चढताना चपलेचं टोक अडकतं, आणि दगड तिथेच तुटतो.

रुंदी खरोखर वाढवायची म्हणजे जिना लांब करायचा. वरच्या उदाहरणात प्रत्येक भागात आठ पायऱ्या आहेत. २५० ऐवजी २८० घेतली तर दर भागाला २४० मिमी, जवळपास साडेनऊ इंच जास्त लागतात. तेवढी जागा भिंत पाडल्याशिवाय मिळत नाही. ती डागडुजी राहत नाही, नवा जिना होतो, आणि तो इंजिनिअरकडून नकाशा घेऊनच करावा.

एक छोटी गोष्ट मात्र स्वस्तात तपासता येते: पाणसळ पायरीवर पुढे-मागे आणि आडवी धरून बघा. बाहेरच्या जिन्याला पाणी जायला थोडा पुढे ढाळ देतात, तोच ढाळ सवयीने घरातल्या जिन्यालाही दिलेला असतो. रुंदी कमी आणि त्यात पुढे ढाळ, अशी गुळगुळीत ग्रॅनाइटची पायरी पावसाळ्यात ओल्या पायाला थांबवत नाही.

डोक्यावरची उंची

ही तपासणी सोपी आहे, दुरुस्ती मात्र सर्वांत अवघड. एक सरळ पट्टी दोन-तीन पायऱ्यांच्या कडांवर तिरकी टेकवा. वर जे अडतं, म्हणजे बीमची खालची कड किंवा पीओपी, तिथून ओळंबा सोडा आणि पट्टीपर्यंतची सरळ उभी उंची मोजा. पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून मोजाल तर उगाच जास्त दिसेल.

लँडिंगखालून किंवा जिन्याखालून जा-ये असेल तर आपल्या संहितेत २.२ मीटर उंची सांगितली आहे. पायऱ्या चढताना डोक्यावर ब्रिटनमध्ये २ मीटर, अमेरिकेतल्या घरांत ६ फूट ८ इंच धरतात. मी २१०० मिमी धरतो, कारण आपल्याकडे गादी आणि सिलिंडर खांद्यावरून जातात.

एका रो-हाउसमधला सरळ जिना होता, मजला तोच ३०५० चा, चढ १७० चे. वरच्या स्लॅबमध्ये जिन्यासाठी सोडलेल्या मोकळ्या चौकटीच्या कडेला, स्लॅबची जाडी धरून १५ इंची, म्हणजे ३७५ मिमीचा बीम. वरची फरशी ७५ ची. ३०५० मधून दोन्ही वजा केले की बीमचा तळ खालच्या फरशीपासून २६०० वर येतो. बीम पाचव्या पायरीच्या कडेवर होता, आणि ती कड ८५० वर. राहिले १७५० मिमी, पावणेसहा फूटही नाहीत. घरातल्या मुलाची उंची पाच फूट दहा इंच. हिशोबाला बसलं तर कळतं की बीम तिसऱ्या पायरीच्या पुढे यायलाच नको होता. तिसऱ्यापासून वरपर्यंत पंधरा पायऱ्यांच्या रुंदीची मोकळी चौकट हवी होती. २६० ची रुंदी धरली तर ती ३९०० मिमी होते, म्हणजे जवळपास पावणेतेरा फूट. ठेवलेली होती जेमतेम अकरा. खोली मोठी करायच्या नादात वरचा स्लॅब पुढे ओढलेला होता.

अशा ठिकाणी आधी बीमभोवतीचं पीओपी आणि जाड गिलावा बघा. ते काढून कधी दोन-तीन इंच मिळतात, आणि कमतरता तेवढीच असेल तर काम होतं. चढांची संख्या कमी करून पायऱ्या मागे सरकवता येतात का, तेही बघा, पण त्याने चढ उंच होतात. या घरात पावणेचौदा इंच कमी पडत होते, त्यातलं काहीच पुरणारं नव्हतं. मालकांनी बीमला फोमची पट्टी लावून पिवळा रंग दिला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की डोकं कमी दुखेल, आपटायचं थांबणार नाही.

लँडिंगखाली संडास काढायचा असेल तर हाच हिशोब आधी करा. दहा फुटी मजल्यात मधलं लँडिंग पाच फुटांवर असतं, स्लॅब वजा जाता साडेचार. तिथे सामान राहील, माणूस उभा राहणार नाही.

कुठे थांबायचं

दगड आणि मसाला काढेपर्यंत काम गवंड्याचं. खाली करडं काँक्रीट दिसलं की छिन्नी ठेवायची. जिन्याचा खालचा भाग सपाट तिरका असेल तर तो तिरका स्लॅब सगळं वजन घेतो, आणि त्याची मुख्य सळई तळाजवळ असते. खालची बाजूही पायऱ्यांसारखी दुमडलेली दिसत असेल तर प्रत्येक घडीत सळई आहे, आणि एखादी पायरी "इंचभर फोडून" देणं म्हणजे जिना तोडणं. डोक्यावरचा बीम खरवडायला कुणी तयार झाला तर त्याला साइटवरून पाठवून द्या.

तिरका स्लॅब लँडिंगला मिळतो तिथे आडवी भेग असेल, सळईचा गंज काँक्रीटवर उतरला असेल, चालताना जिना थरथरत असेल, किंवा चौकट मोठी करण्यासाठी स्लॅब कापायचा विचार असेल, तर पायऱ्यांची मापं बाजूला ठेवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो येईपर्यंत जिन्यावर जड सामान नेऊ नका. त्याला घराचे आरसीसीचे नकाशे आणि तुम्ही क्रमाने लिहिलेल्या मापांचा कागद दाखवा.